‘चांगला फंड सांगा’ विचारण्याआधी: चार उत्तरं आणि एका घराचा पूर्ण हिशेब

‘दरमहा १५ हजारांची एसआयपी करायची आहे. चांगला म्युच्युअल फंड सांगा. पंधरा टक्के तरी सुटले पाहिजेत.’

असा प्रश्न आला की चार-पाच जण लगेच फंडांची नावं सांगतात. एक जण स्मॉल कॅप सुचवतो, दुसरा स्वतःचा फ्लेक्सी कॅप, तिसरा म्हणतो इंडेक्स सोडून कशाला हात लावू नका. यातलं प्रत्येक उत्तर कुणा ना कुणासाठी बरोबर असतं. विचारणाऱ्यासाठी कोणतं बरोबर, हे मात्र सांगणाऱ्यालाही माहीत नसतं, कारण पैसे कशासाठी हवेत, कधी हवेत, पडझड किती सोसेल आणि घरात आधीच काय साठलं आहे, यातलं प्रश्नात काहीच नाही.

या चार गोष्टी कागदावर आल्या की बहुतेक वेळा फंडाचं नाव हा शेवटचा आणि सगळ्यात सोपा प्रश्न उरतो. कधी कधी तर तो उरतच नाही. म्हणून वरचाच प्रश्न घेऊन तो टप्प्याटप्प्याने उलगडू. उदाहरणासाठी नाशिकच्या सातपूरला कारखान्यात सुपरवायझर असलेला ३३ वर्षांचा माणूस धरू. बायको घर सांभाळते, मुलगी चार वर्षांची आहे, राहणं भाड्याच्या घरात. हातात येणारा पगार ६२ हजार.

पहिला टप्पा: पैसे कशासाठी, हे रुपयांत लिहा

‘कशासाठी?’ असं विचारलं की पहिलं उत्तर हमखास येतं ‘भविष्यासाठी’ किंवा ‘वेल्थ क्रिएशन’. दोन्हींचा हिशेबाला उपयोग नाही. त्याऐवजी असं विचारा: हे पैसे ज्या दिवशी मोडाल, त्या दिवशी ते कुणाच्या हातात देणार आहात? बिल्डरच्या, कॉलेजच्या की किराणा दुकानदाराच्या? आपल्या सुपरवायझरला असं विचारल्यावर दोन गोष्टी बाहेर आल्या. स्वतःचा फ्लॅट घ्यायचा आहे आणि मुलीचं पदवीचं शिक्षण करायचं आहे. पहिल्या प्रश्नात यातलं काही नव्हतं, कारण त्याच्या मते ते ‘सगळं त्यातच आलं’.

आता दोन्हींसमोर आकडा. फ्लॅटच्या बाबतीत लोक डाउन पेमेंट मोजतात आणि मुद्रांक शुल्क, नोंदणी विसरतात. गृहकर्ज देताना बँक घराच्या किमतीचा ठरावीक हिस्साच देते, आणि मुद्रांक शुल्क, नोंदणी हा खर्च साधारणपणे आपल्याच खिशातून जातो. पाहिलेल्या फ्लॅटच्या किमतीवरून हे सगळं धरून त्याला दहा लाख हाताशी लागतील. मुलीच्या शिक्षणाला आजच्या भावात आठ लाख धरू. खर्च वर्षाला सात टक्क्यांनी वाढत गेला, तर १४ वर्षांनी हेच आठ लाख साधारण साडेवीस लाख होतात. ही वाढ आपण धरलेली आहे, प्रत्यक्षात कमीजास्त होईल. पण आजचाच आकडा घेऊन बसलो तर निम्म्याहून अधिक तूट आधीच पदरात घेतल्यासारखं होईल.

दुसरा टप्पा: कधी, आणि ती तारीख हलते का

चारपैकी एकच प्रश्न विचारायची मुभा असेल, तर मी हाच विचारेन.

सुपरवायझर म्हणाला, फ्लॅट तीन वर्षांत. म्हणून आधी त्याच्या पंधरा टक्क्यांचा हिशेब करू. दरमहा १५ हजार तीन वर्षं भरले की स्वतःचे ५ लाख ४० हजार जातात. अगदी त्याच्या मनासारखे पंधरा टक्के सुटले, तर हातात येतील सुमारे ६ लाख ७७ हजार. तेच पैसे बँकेच्या रिकरिंगमध्ये साडेसहा टक्क्यांनी ठेवले, तर सुमारे ५ लाख ९५ हजार. फरक ८२ हजारांचा. म्हणजे जगातला सर्वोत्तम फंड शोधून काढला आणि बाजारानेही साथ दिली, तरी तीन वर्षांत एवढाच जास्तीचा लाभ.

आता दुसरी बाजू. १४ जानेवारी २०२० ला निफ्टी १२,३६२ वर बंद झाला होता आणि २३ मार्चला ७,६१० वर. जेमतेम सव्वादोन महिन्यांत ३८ टक्क्यांची घसरण. फ्लॅटचं टोकन देण्याच्या महिन्यात असं झालं, तर सहा लाखांचे ३ लाख ७२ हजार उरतात. ८२ हजारांच्या आशेपायी सव्वादोन लाखांचा धोका, तोही ज्याची तारीख बिल्डरने ठरवली आहे अशा पैशांवर. ‘पण निफ्टी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये परत वर आला की,’ असं कुणी म्हणेल. आला. पण बिल्डर नोव्हेंबरपर्यंत थांबला असता का, हा खरा प्रश्न. शिवाय दर वेळी इतकं लवकर होत नाही. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २० हजारांच्या वर होता, मार्च २००९ मध्ये तो साधारण ८,२०० च्या आसपास आला आणि जुनी उंची पुन्हा दिसायला २०१० ची दिवाळी उजाडली.

मुदत छोटी असते तेव्हा रक्कम कशाने वाढते? परताव्याने फारशी नाही. ती वाढते तुम्ही किती भरता आणि किती महिने भरता यावर. मुदत लांबली की चित्र उलटतं. दहा-पंधरा वर्षांत भरलेल्या पैशांपेक्षा वाढीचा वाटा मोठा होऊ लागतो आणि मधल्या पडझडीतून सावरायला वेळही मिळतो.

यावरून ढोबळ नियम असा. तीन वर्षांच्या आत लागणारे पैसे शेअर बाजारात नकोत. तीन ते पाच वर्षांसाठीही मुख्य भाग ठेवी किंवा रोख्यांत पैसे लावणाऱ्या कमी मुदतीच्या डेट फंडांतच असावा. पाच ते सात हा मधला पट्टा आहे, तिथे तारीख हलते का हे पाहून थोडा इक्विटीचा, म्हणजे शेअर्सचा, भाग चालतो. सात वर्षांच्या पुढे इक्विटी मुख्य ठेवता येते. हे आकडे कुठल्या कायद्यात नाहीत. एखादी मोठी घसरण येऊन सावरायला वेळ मिळावा, इतकाच त्यामागचा अर्थ.

तारीख हलते का, हे मुद्दाम लिहा. मुलीची बारावी कधी होणार हे ठरलेलं आहे, फ्लॅट मात्र वर्षभर पुढे ढकलता येतो. आपल्या सुपरवायझरला विचारलं तेव्हा तो म्हणाला, ‘चौथ्या वर्षी घेतला तरी चालेल, घरमालक काही काढत नाही.’ या एका वाक्याने पुढचा सगळा हिशेब जुळतो. कसा, ते चौथ्या टप्प्यात.

तिसरा टप्पा: सोसेल किती, हे टक्क्यांत नको

‘तुम्ही जोखीम घेऊ शकता का?’ या प्रश्नाला बाजार वर असताना सगळे ‘हो’ म्हणतात. ‘मॉडरेट’ किंवा ‘हाय’ यावर खूण करून काही कळत नाही. स्वतःला रुपयांत विचारा: माझ्या अॅपवर गेल्या महिन्यात सहा लाख दिसत होते, आज ३ लाख ७२ हजार दिसतात, आणि टीव्हीवर रोज अजून पडेल असं सांगताहेत. मी एसआयपी चालू ठेवीन, थांबवीन की काढून घेईन? ज्यांनी २०२० च्या मार्चनंतर गुंतवणूक सुरू केली, त्यांनी तशी पडझड स्वतःच्या पैशांवर पाहिलेलीच नाही. त्यांनी आपल्या उत्तरातून थोडं वजा करावं.

यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक हिंमत आणि दुसरी ऐपत. हिंमत मनाची, ऐपत घरच्या परिस्थितीची. एकट्याच्या पगारावर चालणारं घर, कंत्राटी नोकरी, आजारी आई-वडील असतील, तर हिंमत कितीही असली तरी ऐपत कमी. उलट, पेन्शन मिळणारा आणि घर फिटलेला माणूस घाबरट असला तरी त्याची ऐपत मोठी असते. दोन्हींपैकी जे कमी असेल, ते धरायचं. आपल्या सुपरवायझरची हिंमत बरी आहे. पण कमावता एकच आणि नोकरी खासगी, म्हणून ऐपत मध्यम.

आता फंडांच्या कागदपत्रांवरच्या रिस्कोमीटरबद्दल. सेबीच्या नियमानुसार प्रत्येक योजनेवर सहा पायऱ्यांचं हे चित्र असतं. ते उपयोगी आहे, पण त्याची मर्यादा ओळखा. जवळपास सगळे इक्विटी फंड सर्वांत वरच्या पायरीवर, म्हणजे ‘अतिशय जास्त’ जोखमीवर असतात. देशातल्या सर्वांत मोठ्या ५० कंपन्यांचा इंडेक्स फंड आणि बाजारमूल्यात २५० च्या पुढच्या कंपन्यांत पैसे लावणारा स्मॉल कॅप, दोन्हींचा काटा तिथेच दिसतो. प्रत्यक्षात पडत्या काळात दोघांचं वागणं सारखं नसतं. स्मॉल कॅपमध्ये घसरण अधिक खोल जाऊ शकते आणि छोट्या शेअर्सना गिऱ्हाईक मिळणं कठीण होतं. म्हणून फंड आणि ठेव यांत निवडताना रिस्कोमीटर पाहा. दोन इक्विटी फंडांत निवड करायला तो पुरत नाही.

चौथा टप्पा: आधीच काय आहे, ते सगळं मांडा

इथे लोक सर्वाधिक लपवतात. बहुतेकदा लाजून नाही, तर ‘ते म्युच्युअल फंडात थोडंच आहे’ असं समजून. पण नवीन पैसे कुठे जावेत, हे जुने पैसे कुठे आहेत त्यावर ठरतं. एका कागदावर पाच ओळी पुरतात: ठेवी, पीएफ-पीपीएफ, विमा पॉलिसी, फंड-शेअर आणि कर्जं. सोनं असेल तर तेही, पण मोडायची तयारी असेल तरच.

फंडांची यादी आठवणीवर विसंबून करू नका. कॅम्स किंवा केफिनटेकच्या संकेतस्थळावर पॅन आणि ई-मेल देऊन एकत्रित खातेउतारा मागवता येतो. याला ‘कॅस’ म्हणतात. वेगवेगळ्या कंपन्यांतले तुमचे फंड एकाच पीडीएफमध्ये येतात. त्याचा पासवर्ड मागणी करताना तुम्हीच ठरवलेला असतो. हा उतारा पाहिला की पाच-सात वर्षांपूर्वी कर वाचवायला सुरू केलेली आणि विसरलेली एखादी योजना बऱ्याच जणांना सापडते. सल्ला विचारताना योजनेचं नाव आणि रक्कम तेवढी लिहा. पॅन, फोलिओ क्रमांक, मोबाइल किंवा उताऱ्याचा फोटो कुणालाही पाठवू नका.

सुपरवायझरच्या कागदावर असं निघालं. पीएफमध्ये ४ लाख २० हजार. सहकारी बँकेत दीड लाखाची ठेव, पतसंस्थेत दोन लाखांची. जुन्या करबचतीच्या ईएलएसएस योजनेत ९० हजार, अॅपवरून मित्राच्या सांगण्यावरून घेतलेल्या स्मॉल कॅपमध्ये ६० हजार. एलआयसीचा हप्ता वर्षाला २४ हजार. भिशी महिन्याला तीन हजार, पुढच्या दिवाळीच्या सुमारास ६० हजार मिळतील आणि ती संपेल. आणि अगदी शेवटी, जरा थांबून सांगितलेली गोष्ट: क्रेडिट कार्डावर ३८ हजार थकले आहेत, ‘मिनिमम’ भरणं चालू आहे.

कार्डाची थकबाकी महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज खाते. ३८ हजारांवर महिन्याला तेराशे रुपये, वर्षाचे चाळीस-बेचाळीस टक्के. इतका खात्रीचा परतावा कोणताही फंड देणार नाही, त्यामुळे पहिलं काम थकबाकी फेडायचं. कोणतं कर्ज आधी फेडावं याचा नियम सोपा आहे: ज्याचा व्याजदर इक्विटीच्या माफक अपेक्षेपेक्षा, म्हणजे साधारण दहा-बारा टक्क्यांपेक्षा जास्त, ते गुंतवणुकीआधी.

दोन्ही ठेवी मिळून साडेतीन लाख. त्यातून कार्डाचे ३८ हजार गेले, ३ लाख १२ हजार उरले. घरखर्च भाड्यासह ४१ हजार आहे. कमावता एकच असल्याने सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे २ लाख ४६ हजार, नोकरी गेली तर म्हणून बाजूला. हे पैसे ठेवीतच राहतील. उरलेले ६६ हजार फ्लॅटच्या खात्यात.

इथे एक बारीक गोष्ट. सहकारी बँकेतल्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं संरक्षण आहे, एका बँकेत एका ठेवीदारामागे व्याजासह पाच लाखांपर्यंत. पतसंस्थेला ते नाही. लोक दोन्हींना ‘बँक’च म्हणतात आणि अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून संकटकाळचे पैसे पतसंस्थेत ठेवतात. त्यामुळे पतसंस्थेची ठेव मुदत संपताच बँकेत आणायची. फ्लॅटचा निधी पाच लाखांच्या पुढे गेला की नवरा-बायकोच्या नावांवर किंवा दोन बँकांत वाटायचा.

पाचवा टप्पा: आता पैसे वाटू

पगार ६२ हजार. त्यातून घरखर्च ४१, भिशी ३ आणि एलआयसीचे महिन्याला पडणारे २ हजार गेले, की १६ उरतात. एक हजार हाताशी ठेवून १५ हजार गुंतवायचे, म्हणजे त्याने सांगितलेली रक्कम खरी होती. (ही खात्री करून घेणंही गरजेचं. अनेकदा सांगितलेली एसआयपी आणि महिनाअखेरची शिल्लक यांचा मेळच बसत नाही आणि पाचव्या महिन्यात हप्ता परत जातो.)

फ्लॅट चार वर्षांनी. हे १५ हजार दरमहा साडेसहा टक्क्यांनी ४८ महिने भरले तर सुमारे ८ लाख २० हजार. बाजूला काढलेले ६६ हजार चार वर्षांत ८५ हजारांच्या आसपास जातील. भिशीचे ६० हजार मिळाल्यावर तिथेच टाकले तर तीन वर्षांत ७२ हजार. बेरीज पावणेदहा लाखांच्या थोडी पुढे. उरलेला पाव लाख चार बोनसांतून काढणं अवघड नाही. म्हणजे पंधरा टक्के न मिळवता, नुसती तारीख एक वर्ष हलवून फ्लॅट आवाक्यात आला.

आणि मूळ प्रश्नातल्या १५ हजारांचं काय? त्यातला एक रुपयाही सध्या इक्विटी फंडात जाणार नाही. हे ऐकून विचारणारा नाराज होतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

रिकरिंग कुठे उघडावं? बँकेत ४८ महिन्यांचं मिळतं. पोस्टाचं रिकरिंग पाच वर्षांचं असतं. तीन वर्षांनंतर ते मुदतीआधी बंद करता येतं, पण मग व्याज बचत खात्याच्या दराने मिळतं. चार वर्षांच्या कामाला ते गैरसोयीचं. फ्लॅट मनासारखा लवकर मिळू शकेल असं वाटत असेल, तर थोडा भाग लिक्विड किंवा मनी मार्केट फंडात ठेवता येतो. लिक्विड फंडातून काढताना सात दिवसांनंतर एक्झिट लोड, म्हणजे लवकर काढल्याचं शुल्क, नसतो, त्यामुळे तारीख मोकळी राहते. कराच्या दृष्टीने आता विशेष फरक नाही. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या डेट फंडांचा नफा उत्पन्नात धरून स्लॅबप्रमाणेच कर लागतो, ठेवीच्या व्याजासारखा. मात्र डेट फंड म्हणजे ठेव नव्हे. २३ एप्रिल २०२० ला फ्रँकलिन टेम्पलटनने भारतातल्या सहा डेट योजना एका रात्रीत बंद केल्या, आणि ज्यांना पैसे त्या आठवड्यात हवे होते त्यांना पुढे टप्प्याटप्प्याने मिळालेल्या रकमांची वाट पाहावी लागली. त्या योजनांनी जास्त व्याजासाठी कमी पतमानांकनाचे रोखे धरले होते. म्हणून अशा कामाला फंड घ्यायचाच, तर त्याच्या मासिक पत्रकात सरकारी ट्रेझरी बिलं आणि सर्वोच्च पतमानांकनाचे रोखे किती आहेत ते पाहायचं. शेजारच्या फंडापेक्षा एक टक्का जास्त देणारा दिसला, तर तो एक टक्का कुठून येतो हे विचारायचं.

मुलीच्या शिक्षणासाठी १४ वर्षं आहेत, म्हणजे इक्विटीचा खरा उपयोग इथे. भिशी संपली की सुटणारे तीन हजार या कामाला. सोबत आधीचे ईएलएसएस आणि स्मॉल कॅपमधले मिळून दीड लाख. दहा टक्के वाढ धरली तर दीड लाखांचे १४ वर्षांत सुमारे ५ लाख ७० हजार. तीन हजारांची एसआयपी पुढच्या वर्षापासून १३ वर्षं तशीच चालवली तर साडेनऊ लाख. दोन्ही मिळून सव्वापंधरा लाख आणि गरज साडेवीस लाखांची. पण दरवर्षी पगार वाढल्यावर हप्ताही दहा टक्क्यांनी वाढवला, तर त्या एसआयपीचे सुमारे पावणेसोळा लाख होतात आणि बेरीज गरजेच्या थोडी पुढे जाते. इथेही फंड बदलण्यापेक्षा हप्ता वाढवण्याने जास्त काम झालं.

आधीच्या बचतीचा परिणाम इथे दिसतो. त्याच्या पीएफमध्ये दोन्ही बाजूंनी दरमहा पैसे जात आहेत, ते निवृत्तीपर्यंत हलणार नाहीत आणि त्यांत इक्विटीचा भाग थोडाच असतो. म्हणजे लांब मुदतीचा सुरक्षित भाग आधीच जड आहे. मुलीसाठीचे तीन हजार पूर्ण इक्विटीत गेले तरी घराचा एकूण तोल बिघडत नाही. हाच माणूस पीएफ नसलेला दुकानदार असता, तर त्याच तीन हजारांचा काही भाग मी पीपीएफकडे वळवला असता. पीएफची ओळ प्रश्नात नसेल, तर उत्तर देणाऱ्याला हा फरक कळणार कसा?

सहावा टप्पा: आता फंड

उरला प्रश्न तीन हजारांचा, १३ वर्षांचा, मध्यम ऐपतीच्या माणसाचा, ज्याच्याकडे एक स्मॉल कॅप आधीच आहे. इतकं ठरलं की पर्याय आपोआप आटतात. नवा स्मॉल कॅप नको. नवा ईएलएसएस नको, कारण त्यातली करसवलत जुन्या करप्रणालीतच मिळते आणि प्रत्येक हप्ता तीन वर्षं अडकतो. क्षेत्र किंवा थीमचे फंड नकोत. निफ्टी ५० किंवा सेन्सेक्सचा एक साधा इंडेक्स फंड पुरेसा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या इंडेक्स फंडांत शेअर तेच असतात, म्हणून दोनच गोष्टी पाहायच्या: खर्चाचं प्रमाण कमी आहे का, आणि फंडाचा परतावा इंडेक्सच्या लाभांशासह मोजलेल्या परताव्यापेक्षा वर्षाला किती मागे राहतो.

कुणाला लहान-मोठ्या सगळ्या कंपन्यांत पैसे लावणारा फ्लेक्सी कॅप घ्यायचा असेल तर हरकत नाही. पण मोठ्या फ्लेक्सी कॅप फंडांच्या यादीत वर बहुधा त्याच मोठ्या बँका आणि रिलायन्स, इन्फोसिस दिसतात. पाच फंड घेऊन तेच शेअर पाचदा घेण्यात विविधता नाही.

डायरेक्ट की रेग्युलर? रेग्युलरमध्ये वितरकाचं कमिशन फंडाच्या खर्चात धरलेलं असतं, डायरेक्टमध्ये नसतं. स्वतः हिशेब ठेवणार असाल तर डायरेक्ट. पडत्या बाजारात कुणीतरी फोन उचलायला हवा असेल, तर वितरक ठेवा आणि त्याचा एआरएन, म्हणजे वितरक म्हणून नोंदणीचा क्रमांक विचारा. फी घेऊन सल्ला देणारा हवा असेल, तर सेबीची नोंदणी असलेला गुंतवणूक सल्लागार. त्याचा क्रमांक INA ने सुरू होतो आणि सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. सेबीच्या २०१३ च्या नियमांनुसार सल्ला देण्याआधी त्याने तुमची जोखीमक्षमता तपासणं बंधनकारक आहे. पहिल्याच फोनवर, काही न विचारता, फंडाचं नाव सांगणारा माणूस स्वतःला सल्लागार म्हणवत असेल तर तिथेच फोन ठेवा.

प्रश्न पुन्हा लिहू

हे सगळं मांडल्यावर तोच प्रश्न असा होतो. तुमचे आकडे घालून वापरा:

‘वय ३३, खासगी नोकरी, एकटा कमावता, मुलगी ४ वर्षांची. हातात पगार ६२ हजार, खर्च ४१ हजार, भिशी ३ आणि विमा २ हजार. महिन्याला १५ हजार गुंतवू शकतो, पुढच्या दिवाळीनंतर १८. (१) फ्लॅटसाठी १० लाख, ४ वर्षांनी, तारीख सहा महिने इकडे-तिकडे चालेल. (२) मुलीच्या शिक्षणासाठी आजचे ८ लाख, १४ वर्षांनी, तारीख हलणार नाही. सध्या: पीएफ ४.२ लाख, ठेवी ३.५ लाख, ईएलएसएस ९० हजार, स्मॉल कॅप ६० हजार. कार्डाची थकबाकी ३८ हजार, ठेवीतून फेडणार आहे. दुसऱ्या उद्दिष्टात मूल्य ३५-४० टक्क्यांनी घसरलं तरी एसआयपी चालू ठेवीन, पहिल्यात घसरण चालणार नाही. पहिल्यासाठी बँकेचं रिकरिंग आणि दुसऱ्यासाठी इंडेक्स फंड असं ठरवलं आहे. यात काय चुकतंय?’

शेवटचा प्रश्न मुद्दाम तसा आहे. ‘काय घेऊ’ विचारलं की लोक नावं सांगतात. ‘काय चुकतंय’ विचारलं की जाणकार माणूस आकड्यांत डोकं घालतो. या मजकुरावर कुणी विचारेल, ‘टर्म इन्शुरन्स किती?’ आणि ते बरोबर विचारेल. दोन्ही उद्दिष्टं एकाच पगारावर उभी आहेत, आणि एलआयसीच्या पॉलिसीची विमा रक्कम दोन-चार लाखांची असेल तर ती पुरणार नाही. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीशिवाय आरोग्य विमा आहे का, हाही प्रश्न येईल. हे दोन्ही हप्ते त्या १५ हजारांतूनच जातील आणि फ्लॅट काही महिने पुढे सरकेल.

उत्तरं आली की ती चाळण्याची रीत: ज्यात फंडाच्या नावाआधी तुमच्या मुदतीचा किंवा पीएफचा उल्लेख आहे, ती आधी वाचा. गेल्या वर्षीचा परतावा दाखवून नाव सुचवणारी बाजूला ठेवा. एकाच वर्षाच्या यादीत वर येणारे बहुधा त्या वर्षी चाललेल्या क्षेत्राचे फंड असतात.

हा कागद वर्षातून एकदा, पगारवाढीच्या महिन्यात, पुन्हा भरायचा. त्याशिवाय तो बदलायचा तो तारीख, कमाई किंवा घरातली माणसं बदलली तरच. बाजार वर-खाली झाला म्हणून नाही. मुलगी दहावीत गेली की शिक्षणाच्या निधीतला पैसा इक्विटीतून दर सहा महिन्यांनी थोडा थोडा ठेवीत आणायला सुरुवात करायची, म्हणजे पहिल्या वर्षाची फी भरायच्या वेळी बाजार कुठेही असला तरी चालेल. सध्याच्या नियमांत एका आर्थिक वर्षात इक्विटीच्या दीर्घ मुदतीच्या सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही आणि त्याच्या पुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के आहे. त्यामुळे एकदम काढण्यापेक्षा तीन आर्थिक वर्षांत वाटून काढलं तर करही कमी बसतो.